ताई, तुमच्या चेहऱ्याचं नेमकं काय होणार

हिंदी चित्रपटांतल्या जुन्या दुहेरी भूमिका आठवून पाहा. 'राम और श्याम' १९६७ चा, 'सीता और गीता' १९७२ चा. त्या काळी एकच कलाकार एका चौकटीत दोनदा दाखवायचा तर कॅमेरा तसूभरही न हलवता तीच फिल्म दोनदा उघडी करायची, एकदा डावी बाजू झाकून आणि एकदा उजवी. दोन भावंडांच्या मधे एक अदृश्य रेघ असे आणि ती कोणालाच ओलांडता येत नसे. मिठी मारायची, हात धरायचा, डोळे पुसायचे असले की दोघांपैकी एकाची पाठ कॅमेऱ्याकडे असे. ती पाठ बदली कलाकाराची. त्याने चेहरा दिसू द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम.

आता तोच बदली कलाकार कॅमेऱ्याकडे वळू शकतो. त्याच्या चेहऱ्याच्या जागी संगणक मुख्य कलाकाराचा चेहरा बसवतो. डेव्हिड फिंचरच्या 'द सोशल नेटवर्क'मध्ये (२०१०) विंकलवॉस नावाचे जुळे भाऊ आहेत. दोघांचाही चेहरा आर्मी हॅमरचा, पण एका भावाचे शरीर जॉश पेन्स या वेगळ्याच नटाचे. पेन्सने हॅमरबरोबर कित्येक महिने तालीम केली, प्रत्येक प्रसंगात स्वतः उभा राहिला, आणि त्याचा स्वतःचा चेहरा चित्रपटात दिसतो तो एका किरकोळ जागी, क्षणभर. तेव्हा हे काम मोठ्या स्टुडिओंनाच झेपणारे होते. आज बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक घेऊन फिल्मचा विद्यार्थी ते वसतिगृहाच्या खोलीत करतो.

पेन्सकडे करार होता, मानधन होते. विद्यार्थ्याच्या फिल्ममध्ये काम करणारी मंडळी बहुतेकदा हौसेने, विनामोबदला येतात, आणि त्यांना फोनवर सांगितले जाते, "फक्त तुमचा चेहरा नंतर बदलणार आहोत." या वाक्यात 'फक्त' हा शब्द खरा नाही. चेहरा बदलण्यासाठी आधी तो हजारो तुकड्यांत साठवावा लागतो, यंत्राला शिकवावा लागतो, आणि पडद्यावरून पुसला गेल्यावरही तो संगणकात शिल्लक असतो. हे सगळे त्या कलाकाराला आधी, लेखी आणि समजेल अशा भाषेत कळले पाहिजे. तसा ई-मेल कसा असावा हे एका कल्पित पण रोज घडू शकेल अशा उदाहरणावरून पाहू.

पुण्यात फिल्म शिकणारा एक विद्यार्थी. त्याची अठरा मिनिटांची फिल्म दोन जुळ्या बहिणींची आहे. वाईच्या माहेरच्या वाड्यात बऱ्याच वर्षांनी दोघी भेटतात, आणि थोरली धाकटीची वेणी घालते. दोन्ही बहिणी एकाच अभिनेत्रीने करायच्या आहेत. वेणीच्या प्रसंगात थोरलीचे हात धाकटीच्या केसांत आहेत, मधूनच ते तिच्या गालावर येतात, त्यामुळे जुन्या रेघेचा इथे उपयोग नाही. म्हणून साताऱ्याच्या हौशी नाट्यसंस्थेत काम करणाऱ्या एका बाईंना त्याने धाकटीच्या जागी बसण्याची विनंती केली आहे. त्या तयार आहेत. चित्रीकरणाच्या पंधरवडाभर आधी तो त्यांना लिहितो:

> ताई, नमस्कार. तुम्ही होकार दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. पण तो होकार पक्का धरण्याआधी तुमच्या चेहऱ्याचं नेमकं काय होणार आहे ते सगळं लिहून पाठवतो. वाचून नको वाटलं तर तसं सांगा, मी पाठमोऱ्या शॉट्सवर प्रसंग बसवीन.
>
> वेणीच्या प्रसंगात एकूण नऊ शॉट्स आहेत. त्यांतल्या चार शॉट्समध्ये तुम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करून असाल. फक्त या चार शॉट्समध्ये तुमच्या चेहऱ्याच्या जागी आपल्या मुख्य अभिनेत्रीचा चेहरा येईल. बाकीच्या पाचांत तुम्ही पाठमोऱ्या आहात, तिथे काहीच बदलणार नाही.
>
> बदल भुवयांच्या किंचित वरपासून हनुवटीपर्यंतच होईल. कान, केस, कपाळाचा वरचा भाग, मान, हात, खांदे आणि चेहऱ्याची बाहेरची ठेवण तुमचीच राहील. त्यामुळे तुम्हाला जवळून ओळखणारं माणूस तुम्हाला ओळखू शकेल. कोणी ओळखणार नाही असं मी सांगू शकत नाही.

हा शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. चेहरा बदलला म्हणजे माणूस लपला, असा समज असतो. प्रत्यक्षात यंत्र जो भाग बदलते तो मुखवट्याएवढाच असतो. जबड्याची रुंदी, मानेची लांबी, कानाची पाळी, बसण्याची ढब या सगळ्या गोष्टी मूळ व्यक्तीच्या राहतात. घरच्या लोकांना न सांगता काम करायचे म्हणून कोणी चेहरा बदलण्यावर भिस्त ठेवत असेल, तर तिला हे आधी कळायलाच हवे.

लपवण्यासाठी हेच तंत्र वापरता येत नाही असे नाही. 'वेलकम टू चेचन्या' (२०२०) या माहितीपटात जिवाच्या भीतीने पळालेल्या समलिंगी लोकांचे चेहरे झाकण्यासाठी न्यूयॉर्कमधल्या स्वयंसेवकांनी आपले चेहरे दिले. तिथे स्वयंसेवकाचा चेहरा दिसतो आणि दुसऱ्याचा झाकला जातो. आपल्या वाईच्या फिल्ममध्ये स्वयंसेवकाचाच झाकला जातो. दोन्हीकडे सॉफ्टवेअर जवळपास तेच, पण विचारायचे प्रश्न वेगळे. आपला चेहरा जाणार आहे की आपला चेहरा येणार आहे, हे ई-मेलच्या पहिल्या दोन-तीन परिच्छेदांतच स्पष्ट झाले पाहिजे.

पुढे विद्यार्थी कामाची पद्धत सांगतो.

> त्या चार शॉट्सची एकूण लांबी साधारण ऐंशी सेकंद आहे. आपण सेकंदाला पंचवीस चित्रं या वेगाने शूट करणार, म्हणजे तुमच्या चेहऱ्याची सुमारे दोन हजार चित्रं होतील. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रात चेहरा शोधतं, डोळे-नाक-ओठ-जबडा यांवर ६८ खुणा करतं, आणि त्यांच्या आधाराने चेहरा सरळ करून त्याचं चौकोनी चित्र कापून ठेवतं. ही सगळी चित्रं माझ्या संगणकावर `data_dst` नावाच्या फोल्डरमध्ये असतील.
>
> ही चित्रं मी आणि माझा एक सहाध्यायी बसून एकेक तपासू. सॉफ्टवेअर कधी भिंतीवरच्या फोटोलाही चेहरा समजतं, तर कधी हातालाच, त्यामुळे हे हातानेच निवडावं लागतं. म्हणजे अर्धवट मिटलेले डोळे, वाकडं झालेलं तोंड, अशा स्थितीतले तुमचे चेहरे आम्ही दोघं पाहणार. तिसरं कोणी पाहणार नाही. ही चित्रं इंटरनेटवरच्या कोणत्याही सेवेवर चढवणार नाही.

शेवटचे वाक्य वाचताना ते साधे आश्वासन वाटेल, पण त्यावर बरेच काही अवलंबून आहे. चेहरा बदलण्याचे अनेक मार्ग आहेत. एका प्रकारात आधीच तयार असलेल्या मॉडेलला मुख्य अभिनेत्रीचा एखादाच फोटो दिला की काम भागते. तिथे त्या प्रसंगासाठी नवे मॉडेल शिकवावेच लागत नाही. पण असे काही लोकप्रिय मॉडेल चेहरा १२८ बाय १२८ ठिपक्यांतच काढते. मोबाइलच्या पडद्यावर ते खपते. चित्रपटगृहात, क्लोज-अपमध्ये चेहरा पुसट आणि गुळगुळीत दिसतो. दुसरा मार्ग ऑनलाइन सेवांचा, जिथे व्हिडिओ कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर जातो आणि पुढे त्याचे काय होईल ते त्या कंपनीच्या अटींवर ठरते. तिसरा मार्ग आपल्याच संगणकावर, या दोन चेहऱ्यांसाठी खास मॉडेल शिकवण्याचा. त्यासाठी डीपफेसलॅबसारखे सॉफ्टवेअर वापरतात. आपला विद्यार्थी याच मार्गाने जाणार आहे, कारण चित्र चांगले येते आणि मजकूर त्याच्या ताब्यात राहतो. पण नेमक्या याच मार्गात स्वयंसेवकाचा चेहरा यंत्रात सगळ्यात खोल जातो. ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

हे मॉडेल ढोबळमानाने दोन टप्प्यांत काम करते. पहिला टप्पा चेहरा पाहून त्याचा गोषवारा काढतो: डोळे किती उघडे, मान कुठे वळली, ओठ कसे मिटले, प्रकाश कुठून येतो. दुसरा टप्पा त्या गोषवाऱ्यावरून चेहरा पुन्हा रंगवतो. गोषवारा काढणारा भाग दोन्ही स्त्रियांसाठी एकच असतो. रंगवणारे भाग मात्र दोन असतात, एक मुख्य अभिनेत्रीचा चेहरा रंगवायला शिकतो, दुसरा ताईंचा. शिकणे म्हणजे काय, तर ताईंचे चित्र आत द्यायचे, त्याचा गोषवारा काढायचा, ताईंच्या रंगवणाऱ्या भागाकडून चेहरा परत काढून घ्यायचा, मूळ चित्राशी ताडून चूक मोजायची आणि ती कमी होईल असे आतले आकडे किंचित हलवायचे. मग मुख्य अभिनेत्रीच्या चित्रांवर तेच. हे लाखो वेळा चालते. एका ग्राफिक्स कार्डवर त्याला काही दिवस लागतात.

शिकवणे संपले की अदलाबदल सोपी आहे. ताईंच्या चित्राचा गोषवारा काढायचा आणि तो मुद्दाम मुख्य अभिनेत्रीचा चेहरा रंगवणाऱ्या भागाकडे द्यायचा. मग ताईंची भुवई जिथे उंचावली तिथे तिची उंचावते, ताई ओठ चावतात तिथे ती चावते. ठेवण तिची आणि हावभाव ताईंचे.

आता मागे काय उरले ते पाहा. ताईंचा चेहरा रंगवायला शिकलेला भाग अंतिम चित्रासाठी वापरलाच गेला नाही. पण तो नाहीसाही झालेला नाही. डीपफेसलॅबच्या नेहमीच्या एका रचनेत तो `decoder_dst.npy` अशा शेवटाच्या फाइलमध्ये जतन होतो. मुख्य अभिनेत्रीचे दुसरे एखादे चित्रण याच मॉडेलला देऊन उलट दिशेने चालवले, तर तिच्या शरीरावर ताईंचा चेहरा येईल. चित्रे एकाच प्रसंगातली, एकाच प्रकाशातली असल्यामुळे तो सगळ्या कोनांतून नीट येणार नाही, पण समोरून पाहिलेला चेहरा ओळखू येण्याइतका येईल. म्हणजे ज्या बाईंना "तुमचा चेहरा दिसणारच नाही" असे सांगितले, त्यांचाच चेहरा दुसऱ्या कोणावरही चढवता येईल असे साधन या कामात आपोआप तयार होते. मला वाटते, या ई-मेलमध्ये दुसरे काही राहून गेले तरी एकवेळ चालेल, पण हे राहता कामा नये. विद्यार्थी ते असे लिहितो:

> ताई, एक गोष्ट नीट वाचा. तुमचा चेहरा बदलण्यासाठी संगणकाला तुमचाही चेहरा शिकवावा लागतो. त्यामुळे तयार होणाऱ्या मॉडेलमध्ये तुमचा चेहरा काढण्याची क्षमता असेल. मला तिची गरज नाही आणि मी ती वापरणार नाही, पण ती असेल.
>
> म्हणून फिल्मची अंतिम प्रत जमा केल्यापासून तीस दिवसांच्या आत मी पुढच्या गोष्टी पुसून टाकीन: तुमच्या चेहऱ्यांची कापलेली चित्रं, `model` फोल्डरमधल्या सगळ्या फाइली, आणि सॉफ्टवेअर आपणहून ठेवतं त्या मॉडेलच्या मागच्या प्रती. बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत असेल, तीही. पुसल्यावर तुम्हाला कळवीन. हेच मॉडेल मी पुढच्या फिल्मसाठी वापरणार नाही आणि कोणाला देणार नाही.

'मागच्या प्रती' हा उल्लेख महत्त्वाचा आहे. शिकवणे दिवसेंदिवस चालते आणि वीज गेली तर सगळे वाया जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअर ठरावीक तासांनी मॉडेलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवू शकते. अशा प्रती डझनावारी साठतात. मुख्य फोल्डर पुसणाऱ्याला त्यांची आठवण राहीलच असे नाही. मॉडेल पुढच्या कामासाठी जपून ठेवण्याचा मोहही मोठा असतो. कोऱ्यापासून शिकवण्यापेक्षा आधी शिकलेल्या मॉडेलवरून सुरुवात केली तर वेळ खूप वाचतो, म्हणून विद्यार्थी आपसांत मॉडेल्स वाटतात. त्यात कोणी वाईट हेतू धरत नाही, पण साताऱ्याच्या ताईंचा चेहरा अशाने अनोळखी माणसांच्या संगणकांवर फिरू लागतो.

पुसण्याबद्दल विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. शिक्षणसंस्थेत केलेल्या फिल्मचे मूळ चित्रण पुष्कळदा संस्थेच्या साठ्यात जाते आणि हक्कही संस्थेकडे असू शकतात. त्या साठ्यातले ताईंचे खऱ्या चेहऱ्याचे शॉट्स तो पुसू शकत नाही. जे आपल्या हातात नाही त्याचे वचन द्यायचे नाही. "मूळ चित्रण संस्थेकडे राहील, तिथे कोणाला पाहता येतं ते विचारून कळवतो" एवढेच लिहायचे आणि खरोखर विचारून कळवायचे.

मग प्रश्न येतो अभिनयाचा. यंत्र हावभाव ताईंकडून घेते हे आपण पाहिले. त्याचा परिणाम तालमीपासून जाणवतो.

> धाकटीचे संवाद तुम्हाला पाठ करून बोलावे लागतील. तुमचा आवाज अंतिम फिल्ममध्ये नसेल, मुख्य अभिनेत्री ते संवाद डब करील. पण ओठांची हालचाल तुमचीच राहणार, म्हणून शब्द तंतोतंत तेच हवेत. तुमच्या आवाजाची कृत्रिम नक्कल मी करणार नाही.
>
> मान पूर्ण बाजूला वळली की चेहऱ्याचा एकच डोळा दिसतो आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. ते सांभाळून शॉट लावेन. थोरलीचा हात तुमच्या गालावरून जातो तिथे हात आणि चेहरा यांतली सीमा मला कित्येक चित्रांत हाताने आखून द्यावी लागेल, नाहीतर बोटांवरच गाल रंगवला जाईल. त्या शॉटचे जास्त टेक घ्यावे लागतील, थोडा त्रास होईल.
>
> श्रेयनामावलीत धाकट्या बहिणीच्या भूमिकेसमोर तुमचं आणि मुख्य अभिनेत्रीचं, दोघींची नावं येतील, आणि चेहरा संगणकाने बदलला आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल. नाव द्यायचं नसेल तर तसं कळवा.

श्रेयाचा मुद्दा मला जवळचा वाटतो. प्रेक्षक पडद्यावर मुख्य अभिनेत्री पाहतील आणि वेणी घालून घेताना तिचे डोळे कसे हळूहळू भरून येतात याचे कौतुक करतील. ते डोळे भरून येणे साताऱ्याच्या बाईंचे आहे. त्यांचे नाव नुसते 'साहाय्य' या सदरात टाकणे चुकीचे ठरेल. दुसऱ्या बाजूने, मुख्य अभिनेत्रीचीही परवानगी लागते, कारण तिने न केलेला अभिनय तिच्या तोंडावर दिसणार आहे. तिला वेगळा ई-मेल जायला हवा आणि तयार शॉट्स तिला आधी दाखवायला हवेत.

काय बिघडू शकते, हेही ताईंना सांगायचे असते. एखाद्या चित्रात सॉफ्टवेअरला चेहरा सापडतच नाही: मान झटकन फिरली, चेहरा धूसर आला, केस पुढे आले. अशा चित्रात ते काहीच बदलत नाही, मूळ चित्र तसेच पुढे पाठवते. परिणामी सेकंदाच्या पंचविसाव्या भागापुरता ताईंचा खरा चेहरा चमकून जातो. चालत्या फिल्ममध्ये तो डोळ्याला झटक्यासारखा जाणवतो. कोणी थांबवून एकेक चित्र पुढे सरकवले तर स्पष्ट दिसतो. यावर उपाय एकच, चारही शॉट्स एकेक चित्र करून तपासायचे आणि निसटलेली चित्रे हाताने दुरुस्त करायची. दात, डोळ्यांची नजर आणि गालाची कड या तीन जागी बारकाईने पाहावे लागते. दात एकसंध पांढऱ्या पट्टीसारखे दिसू लागतात, नजर थोरलीऐवजी तिच्या कानाकडे लागलेली वाटते, आणि कडेला त्वचेचा रंग दर चित्राला थोडा बदलून लुकलुकतो. विद्यार्थ्याने लिहायचे ते इतकेच: दुरुस्ती जमली नाही तर तो शॉट फिल्ममधून काढीन, अर्धवट चेहरा ठेवणार नाही.

आता वापर. चेहरा कुठे, किती काळ आणि कशासाठी दिसणार, हा भाग विद्यार्थी सहसा एका ओळीत उरकतात: "फिल्म महोत्सवांना पाठवू." पण स्वयंसेवकाचा खरा चेहरा लोकांसमोर येण्याची शक्यता फिल्ममध्ये कमी आणि फिल्मभोवतीच्या गोष्टींत जास्त असते. असे काम जमले की करणाऱ्याला ते दाखवावेसे वाटते. डावीकडे मूळ चित्रण, उजवीकडे बदललेला चेहरा, असा पंधरा सेकंदांचा तुकडा तो नोकरीसाठी आपल्या कामांच्या व्हिडिओत घालतो, समाजमाध्यमांवर टाकतो. हजारो लोक पाहतात तो हाच तुकडा, आणि त्यात ताईंचा चेहरा उघडा असतो, तोही यंत्राने पुसण्याची वस्तू म्हणून. म्हणून त्यासाठी वेगळी परवानगी लागते.

> फिल्म आधी संस्थेत परीक्षकांसमोर आणि विद्यार्थ्यांसमोर दाखवली जाईल. नंतर दोन वर्षं महोत्सवांत जाईल. त्यानंतर ती इंटरनेटवर टाकायची असेल तर मी तुम्हाला पुन्हा विचारीन, आजचा होकार त्यासाठी धरणार नाही. पोस्टर आणि ट्रेलरमध्ये हे चार शॉट्स वापरणार नाही.
>
> चेहरा बदलण्याआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी दाखवणारा व्हिडिओ मला माझ्या कामाचा नमुना म्हणून ठेवायला आवडेल. याला नाही म्हणालात तरी फिल्ममधल्या तुमच्या कामावर काही परिणाम होणार नाही. यासाठी खाली वेगळा हो किंवा नाही लिहा.
>
> पटकथेत नसलेल्या कोणत्याही प्रसंगासाठी, जाहिरातीसाठी किंवा दुसऱ्या फिल्मसाठी तुमचं चित्रण वापरणार नाही.

दोन वेगवेगळे होकार मागणे ही शिष्टाचाराची बाब वाटेल, पण त्यामागे अलीकडचा मोठा झगडा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने ११८ दिवस संप केला. यंत्राने केलेली नटांची प्रतिकृती हा त्यातला एक मुख्य वाद होता. शेवटी झालेल्या करारात असे ठरले की प्रतिकृती वापरायची तर नटाची संमती स्वतंत्र आणि ठळक असावी, आणि कशासाठी वापरणार याचे पुरेसे नेमके वर्णन तिच्यात असावे. "भविष्यात कशासाठीही" अशा मोघम ओळीवर सही घेण्याची वाट त्यांना बंद करायची होती.

भारतात २०२३ मध्ये संमत झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याच दिशेचा आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूपुरती आणि माहिती घेऊन दिलेली असावी, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, असे तो म्हणतो. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असेही त्यात आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण विद्यार्थ्याने त्या टप्प्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. इंग्रजी संमतिपत्रावर "इथे सही करा" म्हणून बोट दाखवण्यापेक्षा मराठीत दीड पान लिहिणे त्याला आजही शक्य आहे.

चेहरा गेलेल्या माणसाचे काय होते याचे एक उदाहरण आपल्यासमोर घडलेले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा म्हणून एक व्हिडिओ सर्वत्र फिरला. लिफ्टमध्ये शिरणारी ती स्त्री प्रत्यक्षात झारा पटेल ही ब्रिटिश-भारतीय तरुणी होती. तिच्या व्हिडिओवर मंदानाचा चेहरा चढवलेला होता. मंदानावर झालेल्या अन्यायाची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. झारा पटेलने आपला त्याच्याशी काही संबंध नसल्याचे आणि या प्रकाराने आपण अस्वस्थ असल्याचे जाहीरपणे सांगितले, त्याकडे त्या मानाने फार थोड्यांचे लक्ष गेले. तिचे शरीर, तिची चाल, तिचा व्हिडिओ वापरला गेला आणि तिला कोणी विचारले नव्हते. वाईच्या फिल्ममधल्या ताई हौसेने आल्या आहेत, तरीही चौकटीतली त्यांची जागा तीच आहे.

ई-मेलचा शेवटचा भाग नकाराबद्दल आहे, आणि त्यात तारखा हव्यात.

> चित्रीकरणाआधी तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, कारण सांगायची गरज नाही. चित्रीकरणानंतरही, संपादन पक्कं होईपर्यंत नाही म्हणालात तर ते चार शॉट्स काढून पाठमोरे शॉट्स वापरीन. ते पर्यायी शॉट्स मी त्याच दिवशी घेऊन ठेवणार आहे. संपादन पक्कं होण्याची तारीख आठवडाभर आधी कळवीन. महोत्सवांत गेलेली प्रत मात्र मला परत घेता येणार नाही. त्यानंतर नाही म्हणालात तर पुढे नवीन ठिकाणी फिल्म पाठवणं थांबवीन आणि तुमची जी चित्रं माझ्याकडे उरली असतील ती लगेच पुसून टाकीन.
>
> संपादन पक्कं होण्याआधी चारही शॉट्स तुम्हाला दाखवीन. साताऱ्याला लॅपटॉप घेऊन येईन, लिंक पाठवणार नाही.
>
> काही कळलं नसेल तर फोन करा. आणि उत्तर देताना तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: चार शॉट्ससाठी हो की नाही, आधी-नंतरच्या व्हिडिओसाठी हो की नाही, आणि श्रेयनामावलीत नाव कसं हवं.

पर्यायी शॉट्स त्याच दिवशी घेऊन ठेवण्याचे हे वाक्य नकाराच्या हक्काला खरा अर्थ देते. ते शॉट्स हातात नसतील तर ताई नाही म्हणाल्यावर फिल्मच मोडते, आणि ज्या नकाराने मुलाची परीक्षा बुडेल तो नकार कोणतीही भली बाई तोंडातून काढणार नाही. चित्रीकरणाच्या वेळापत्रकात त्यासाठी दोन तास जास्त धरावे लागतात. वाड्यात दुपारी चारनंतर उजेड उतरत जातो, म्हणून हे पाठमोरे शॉट्स सकाळीच, समोरच्या शॉट्सच्या आधी घेतलेले बरे.